शहात्तर मोठे की बारा?

सेलूहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या गल्लीतल्या भिशीत बारा जणी आहेत. गेल्या महिन्यात भिशीच्या दिवशी म्युच्युअल फंडाचे दोन कागद आले. एक आणला होता एकीच्या भाच्यानं, त्यावर ठळक लिहिलं होतं, ‘५ वर्षांत ७६ टक्के!’ दुसरा एकीनं वर्तमानपत्रातून कापून ठेवला होता, त्यावर होतं ‘१२ टक्के सीएजीआर’. झालं, चहा बाजूला राहिला आणि वाद सुरू झाला. बहुतेकींचं मत शहात्तरवाल्या कागदाकडे. शेवटी एकीनं चष्मा लावून दोन्ही कागदांवरची बारीक अक्षरं वाचली, तर योजना एकच, तारखाही त्याच! पत्रात पुढे त्या विचारतात, “ताई, यातलं खरं कोणतं? माझी बँकेतली ३ लाखांची ठेव आता सुटते आहे. मुलगी दहावीला आहे, पुढे इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. भाचा म्हणतो, शहात्तरला पाचानं भागा, वर्षाला पंधरा पडतात, बँक तर सातच देते.”

या पत्राचं उत्तर सविस्तरच द्यायला हवं, कारण असे कागद आता परभणीच्या स्टेशन रोडवरच मिळतात असं नाही, ते जिंतूर, मानवत, गंगाखेडच्या घरांतही पोहोचले आहेत.

पहिलं उत्तर असं, की दोन्ही कागद खरे आहेत. शहात्तर हा आकडा पाच वर्षांची एकूण वाढ सांगतो. १०० रुपये ठेवले, पाच वर्षांनी १७६ झाले, एवढंच. त्याला जाहिरातीत ‘अ‍ॅब्सोल्यूट रिटर्न’ म्हणतात, आपण सरळ ‘एकूण वाढ’ म्हणू. बारा हा आकडा वेगळं सांगतो. १०० रुपये दरवर्षी सारख्याच दरानं, व्याजावर व्याज धरून वाढले असते, तर कोणत्या दरानं ते १७६ पर्यंत पोहोचले असते? तो दर बारा. सीएजीआर म्हणजे हाच चक्रवाढ वार्षिक वाढीचा दर. शाळेच्या गणितात आपण जे ‘द.सा.द.शे.’ लिहीत होतो, त्याच घराण्यातला हा आकडा. मी आठवीच्या मुलींना चक्रवाढ व्याज शिकवते, तेव्हा मुद्दल, दर आणि वर्षं दिलेली असतात, रास काढायची असते. इथे गणित उलटं आहे. मुद्दल ठाऊक, रास ठाऊक, वर्षं ठाऊक, दर शोधायचा.

आणि तपासायला काही मोठं शिक्षण लागत नाही. घरातलं साधं गणकयंत्र घ्या. १०० ला १.१२ नं गुणा, ११२ येतील. त्याला पुन्हा १.१२ नं गुणा, १२५ रुपये ४४ पैसे. तिसऱ्यांदा १४० रुपये ४९ पैसे, चौथ्यांदा १५७ रुपये ३५ पैसे, पाचव्यांदा १७६ रुपये २३ पैसे. पाच वर्षं, पाच गुणाकार. बारा आणि शहात्तर यांची गाठ पडली की नाही?

आता भाच्याचा भागाकार. शहात्तरला पाचानं भागलं की पंधरा येतात, हे खरं. पण ते पंधरा म्हणजे सरळव्याजाचे पंधरा. मुद्दलावर दरवर्षी पंधरा रुपये मिळाले आणि ते कपाटात ठेवून दिले, असं धरून काढलेले. पैसा तर सगळा वेळ फंडातच होता, व्याजावर व्याज चढत होतं. म्हणून पंधरा हा आकडा त्या योजनेनं कधी दिलेलाच नाही. कोणी ‘वर्षाला पंधरा’ धरून पुढचा बेत आखला, तर घोटाळा कसा होतो पाहा. ३ लाखांवर खरोखर १५ टक्के चक्रवाढीनं मिळाले तर पाच वर्षांत ६ लाख ३ हजार होतील. १२ टक्क्यांनी होतात ५ लाख २८ हजार. फरक ७५ हजारांचा. मुलीच्या फीच्या वेळी हे ७५ हजार कुठून आणायचे?

दुसरी गफलत याहून मोठी आहे आणि ती चटकन लक्षात येत नाही. भाचा एका हातात पाच वर्षांचे शहात्तर धरतो, दुसऱ्या हातात बँकेचे एका वर्षाचे सात धरतो. एका पारड्यात पाच वर्षं, दुसऱ्यात एक वर्ष! अशी तुलना म्हणजे पायलीनं मोजलेली ज्वारी आणि किलोवर घेतलेली डाळ एकाच हिशेबात मांडण्यासारखी. तुलना करायची तर दोन्हीकडे एकच माप हवं. बँकेचे ७ टक्के तिमाही चक्रवाढीनं पाच वर्षं चालले तर १०० चे साधारण १४१ रुपये ४८ पैसे होतात. म्हणजे एकतर एकूण वाढ ७६ विरुद्ध साडेएक्केचाळीस म्हणा, नाहीतर वार्षिक दर १२ विरुद्ध सातपेक्षा थोडा जास्त म्हणा. या दोन्ही तुलना बरोबर आहेत. ७६ विरुद्ध ७ ही नव्हे.

आपल्याला हा फरक नवा वाटतो, पण पोस्टानं तो कधीचाच आपल्या घरात आणून ठेवला आहे. किसान विकास पत्र घ्या. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा व्याजदर ७.५ टक्के ठरला आणि पैसे ११५ महिन्यांत दुप्पट होतील असं सांगितलं गेलं. दुप्पट म्हणजे एकूण वाढ १०० टक्के. ११५ महिने म्हणजे नऊ वर्षं सात महिने. भाच्याच्या पद्धतीनं भागलं तर वर्षाला जवळजवळ साडेदहा टक्के पडतात. पोस्ट मात्र प्रामाणिकपणे साडेसातच लिहितं, कारण चक्रवाढीनं दर तेवढाच बसतो. गणकयंत्र नसेल तर एक जुना तोंडी हिशेब आहे. ७२ ला दरानं भागा, किती वर्षांत दुप्पट ते कळतं. ७२ भागिले साडेसात, नऊ पूर्णांक सहा वर्षं. म्हणजे झाले ११५ महिने. हाच हिशेब उलटाही चालतो. कोणी म्हणालं, ‘आमच्याकडे सहा वर्षांत दामदुप्पट’, तर ७२ भागिले ६, वर्षाला बारा. शंभर भागिले सहा करून सतरा म्हणू नये. हा हिशेब अंदाजाचा आहे, पण बाजारात उभं राहून करायला पुरेसा.

काळ जितका लांब, तितकी एकूण वाढ डोळे दिपवते. मुंबईच्या शेअर बाजाराचा निर्देशांक, ज्याला आपण सेन्सेक्स म्हणतो, तो १९७८-७९ हे वर्ष पायाभूत धरून १०० वर मोजला जातो. २८ मार्च २०२४ ला तो ७३,६५१ वर बंद झाला. पंचेचाळीस वर्षांत एकूण वाढ त्र्याहत्तर हजार टक्क्यांच्या वर! हा आकडा कागदावर लिहिला तर कुणाचंही मन हलेल. सीएजीआर काढला तर तो १५.८ टक्के येतो. चांगलाच दर आहे, पण आता निदान तो माणसांच्या जगातला वाटतो. लांब मुदतीची एकूण वाढ छापायचा मोह जाहिरातवाल्यांना का होतो ते यावरून कळावं.

हा मोह आवरावा म्हणूनच सेबी या नियामक संस्थेनं जाहिरातींना शिस्त लावली. मार्च २०१७ च्या परिपत्रकात तिनं सांगितलं, की योजनेची कामगिरी दाखवायची तर गेलं १ वर्ष, ३ वर्षं, ५ वर्षं आणि योजना सुरू झाल्यापासून, असा चारही मुदतींचा सीएजीआर द्यायचा. शिवाय त्या त्या मुदतीत १०,००० रुपयांचे किती झाले तेही द्यायचं, आणि शेजारी तुलनेसाठी निर्देशांकाचेही आकडे मांडायचे. म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत खाली एक बारीक अक्षरांचा तक्ता असतो. माझं म्हणाल तर वरची हसरी चित्रं सोडून आधी तो तक्ताच वाचावा. त्यातला १०,००० रुपयांचा रकाना तर आपल्यासाठीच आहे. पाच वर्षांच्या ओळीत १७,६२३ दिसले, की एकूण वाढ ७६ आणि सीएजीआर १२, दोन्ही एकाच जागी सापडले. भाच्यानं आणलेला कागद मात्र तशा तक्त्याशिवायचा होता. तो कुणीतरी आपल्या संगणकावर तयार करून वाटलेला. असा कागद हातात आला तर त्या योजनेचा मूळ कागद मागावा, तारखा पाहाव्यात आणि मगच पुढे बोलावं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, की मग सीएजीआर छापला म्हणजे सगळं उजेडात आलं. तसं नाही. एकूण वाढ काळ लपवते, सीएजीआर वाट लपवतो. त्याला फक्त दोन तारखा दिसतात, पहिली आणि शेवटची. मधल्या दिवसांत घरात काय रडारड झाली ते त्याच्या कानावर जातच नाही. हे समजायला एक खराखुरा काळ घेऊ, अनेकींना तो आठवतही असेल.

२००७ सालच्या शेवटी सेन्सेक्स २०,२८७ वर होता. गावोगावी शेअरची भाषा सुरू झाली होती, तीच वेळ. समजा सेन्सेक्स जसा हलेल तंतोतंत तशाच हलणाऱ्या योजनेत एका बाईनं त्या दिवशी १०,००० रुपये घातले. (लाभांश आणि खर्च दोन्ही बाजूला ठेवू, हिशेब सोपा राहील.) २००८ मध्ये अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि त्याचा धक्का दलाल स्ट्रीटलाही बसला. २००८ अखेर सेन्सेक्स ९,६४७. बाईंच्या दहा हजारांचे ४,७५५ उरले. २००९ मध्ये बाजार जोरात उसळला, एका वर्षात ८१ टक्के! तरी बाईंचे झाले ८,६०९. २०१० अखेर १०,१०९, म्हणजे तीन वर्षांनी कसंबसं मुद्दल परत. २०११ मध्ये पुन्हा घसरण, ७,६१८. २०१२ अखेर ९,५७६ आणि २०१३ अखेर, सेन्सेक्स २१,१७१ असताना, १०,४३६.

सहा वर्षांत दहा हजारांवर ४३६ रुपये. एकूण वाढ ४.४ टक्के, सीएजीआर पाऊण टक्क्यालाही थोडा कमी. त्याच काळात पोस्टाचं राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र सहा वर्षांचं असे आणि १०० रुपयांचे १६० रुपये १० पैसे देई. तिथे दहा हजारांचे १६,०१० झाले असते. लाभांश धरला तर बाईंचा आकडा थोडा वर जातो, पण पोस्टाची बरोबरी होत नाही.

आता याच सहा वर्षांवर तीन वेगवेगळ्या गोष्टी रचता येतात, आणि तिन्हींतले आकडे खरे असतात.

पहिली गोष्ट सरासरीची. कोणी त्या सहा वर्षांची वर्षवार वाढ-घट मांडेल: उणे ५२, अधिक ८१, अधिक १७, उणे २५, अधिक २६, अधिक ९. बेरीज करा, सहानं भागा, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर येते. ‘वर्षाला सरासरी नऊ टक्के’ असं म्हणायला तोंड मोकळं! बाईंच्या हातात मात्र सहा वर्षांनी ४३६ रुपये. असं का होतं? कारण १०० चे ५२ गेले तर ४८ उरतात, आणि त्या ४८ ना परत १०० व्हायला ५२ नव्हे, १०८ टक्के वाढावं लागतं. पडताना टक्के मोठ्या रकमेवर लागतात, चढताना उरलेल्या लहान रकमेवर. साध्या सरासरीला हे कळत नाही, सीएजीआरला कळतं. एवढ्यापुरता सीएजीआर नक्कीच बरा. ‘सरासरी परतावा’ हा शब्द कुठे दिसला, तर तो बेरीज-भागाकाराचा आहे की चक्रवाढीचा, एवढं विचारूनच घ्यावं.

दुसरी गोष्ट तारखेची. सुरुवात फक्त एक वर्ष पुढे ढकला. २००८ अखेर ते २०१३ अखेर, पाच वर्षं. सेन्सेक्स ९,६४७ वरून २१,१७१, दहा हजारांचे २१,९४५. एकूण वाढ ११९ टक्के, सीएजीआर १७ टक्के! बाजार तोच, शेवटची तारीख तीच. फक्त सुरुवात खड्ड्याच्या तळापासून धरली. सहा वर्षांचा दर पाऊण टक्क्याच्या आत, आणि पाच वर्षांचा सतरा. दोन्ही गणितं बिनचूक आहेत. म्हणून ‘योजना सुरू झाल्यापासून’ या रकान्यातला आकडा मोठा दिसला, की ती योजना कोणत्या साली निघाली ते आधी बघावं. ऐन मंदीत निघालेल्या योजनेला हा रकाना फार शोभून दिसतो. आणि तक्त्यातल्या तीन व पाच वर्षांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल, तर मध्ये कुठेतरी खड्डा किंवा डोंगर आहे हे ओळखावं.

तिसरी गोष्ट त्या बाईंची, आणि सेलूच्या भगिनीला माझं उत्तर तिच्यातच आहे. समजा त्या बाईंना फीसाठी पैसे २०११ च्या शेवटी हवे होते. चार वर्षं झालेली, हातात ७,६१८. कॉलेजची फी काही सेन्सेक्स वर येण्याची वाट पाहत नाही. तुमची मुलगी दहावीला आहे, म्हणजे पहिली मोठी फी दोन-तीन वर्षांवर आली. ज्या पैशांची तारीख ठरलेली आहे आणि ती इतकी जवळ आहे, त्या पैशांना ‘१२ टक्के सीएजीआर’ हा मागच्या पाच वर्षांचा आकडा काहीच आश्वासन देत नाही. जाहिरातीखाली छापलेलंच असतं, की मागची कामगिरी पुढे टिकेल किंवा न टिकेल. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या दोन वर्षांच्या फीची रक्कम मुदत ठेवीतच राहू दिली असती. शेवटच्या वर्षांसाठीचा जो भाग पाच-सहा वर्षं लागणार नाही, त्याचा विचार फंडासाठी करायला हरकत नाही, तोही घरात दोघांनी बसून. भाच्याला दोष देऊ नका, तो बहुधा त्याला शिकवलं तेच बोलतो आहे. मात्र कोणी ‘इतके टक्के नक्की’ असं म्हणालं, तर तिथेच थांबा. बाजाराच्या योजनेत नक्की असं म्हणण्याची परवानगीच नाही.

तारखांवरून एक लहानशी सोय सांगते. चार वर्षांचा हिशेब आला, तर गणकयंत्रावरच्या वर्गमुळाच्या बटणानं सीएजीआर चुटकीसरशी निघतो. शेवटची रक्कम भागिले पहिली रक्कम, आणि मग ते बटण दोनदा दाबा. चार वर्षांत दुप्पट म्हणजे २ लिहा, बटण दोनदा, १.१८९ येतील. म्हणजे १८.९ टक्के. ‘दुप्पट, म्हणजे वर्षाला पंचवीस’ असं म्हणणाऱ्याला हे करून दाखवा. दोन वर्षांसाठी बटण एकदा, आठ वर्षांसाठी तीनदा. तीन किंवा पाच वर्षांसाठी ही सोय नाही, तिथे अंदाजानं दर धरून गुणत बसावं. वर आपण १.१२ नं केलं तसं. दोन-तीन प्रयत्नांत जमतं.

आता ज्या दरमहा हप्त्यानं पैसे घालतात, म्हणजे एसआयपी करतात, त्यांच्यासाठी थोडं. परभणीतल्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच शिक्षिका तसंच करतात. यांच्या बाबतीत गंमत उलटी होते. इथे एकूण वाढ फुगलेली दिसत नाही, ती बिचारी फार लहान दिसते.

दरमहा २,००० रुपये, पाच वर्षं, साठ हप्ते. घातले १ लाख २० हजार. योजनेनं अगदी सरळ रेषेत वर्षाला १२ टक्के दिले असं धरलं, तर पाच वर्षांनी हातात १ लाख ६२ हजारांच्या आसपास येतात. एकूण वाढ झाली ३५ टक्के. आता भिशीत कोणी म्हणेल, ‘अगंबाई, जाहिरातीत ७६ आणि मला ३५च? मला फसवलं!’ कोणी ३५ ला पाचानं भागून सात काढेल, आणि कोणी आपण शिकलेला सीएजीआर लावून सव्वासहा काढेल. सगळ्याच चुकतील. कारण सगळे पैसे पाच वर्षं फंडात नव्हतेच. पहिला हप्ता पूर्ण पाच वर्षं राहिला, त्या दोन हजारांचे ३,५२५ झाले. मधला हप्ता अडीच वर्षं राहिला, त्याचे २,६५५. शेवटचा तर एकच महिना राहिला, त्याचे जेमतेम २,०१९. सरासरीनं प्रत्येक रुपया अडीचच वर्षं कामाला होता. वाण्याच्या उधारीच्या वहीत नाही का, प्रत्येक नोंदीची तारीख वेगळी, म्हणून व्याजही वेगळं? तसंच हे.

म्हणून हप्त्यांच्या हिशेबाला सीएजीआर लावत नाहीत, एक्सआयआरआर लावतात. त्यात प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम धरून सगळ्यांना मिळून बसेल असा एकच वार्षिक दर शोधला जातो. वरच्या उदाहरणात तो बरोबर १२ येतो. हे हातानं काढणं कठीण आहे, संगणकावर किंवा फंडाच्या खातेउताऱ्यावर तो आयता मिळतो. उताऱ्यावर दोन आकडे असतात, एक एकूण वाढीचा आणि एक एक्सआयआरआरचा. बँकेच्या दराशी तुलना करायची ती दुसऱ्याची.

मात्र हप्ते सुरू करून वर्षही झालेलं नसेल, तर उताऱ्यावरच्या एक्सआयआरआरकडे मुळीच पाहू नका. तीन महिन्यांत पैसे चार-पाच टक्के चढले, तरी यंत्र ते बाराही महिने तसंच चालेल असं धरून वीसच्या घरातला आकडा दाखवतं, आणि थोडे उतरले की तितकाच भीतीदायक उणे आकडा. वर्षाच्या आतल्या काळासाठी एकूण वाढ हाच खरा आकडा. साध्या भाषेत, घातले किती आणि आज आहेत किती.

आणखी एक, सीएजीआर असो की एकूण वाढ, जाहिरातीतल्या आकड्यातून फंडाचा वार्षिक खर्च आधीच वजा झालेला असतो, पण तुमचा कर वजा झालेला नसतो, आणि लवकर पैसे काढल्यावर कापली जाणारी रक्कमही नसते. बँकेच्या व्याजावरही कर आहेच, पण नियम वेगळे. ३ लाखांची रक्कम हलवण्याआधी हे दोन प्रश्न एका कागदावर लिहून समोरच्याला विचारा: मी दोन वर्षांनी काढले तर किती कापाल, आणि कर किती बसेल? उत्तर त्याच्याच हातानं, तारखेसह लिहून घ्या.